घटक ३, पुराणकथा: गिल्गामेशचा प्रवास आणि सतरा टप्प्यांचा आराखडा

हे टिपण सोमवारच्या तासाआधी वाचून या. फळ्यावर आपण जोसेफ कॅम्बेलचा आराखडा मांडला होता. १९४९ साली त्याने जगभरच्या वीरकथांमधून काढलेले सतरा टप्पे तीन भागांत आहेत: प्रस्थान, दीक्षा आणि परत येणं. आता तो आपण 'गिल्गामेश' या महाकाव्यावर लावून पाहणार आहोत. गेल्या वर्षीच्या मुलांनी या स्वाध्यायात सतराच्या सतरा रकाने भरून आणले होते. एकही रिकामा नव्हता, आणि तिथेच मला काळजी वाटली. या महाकाव्यात निदान चार रकाने रिकामे राहायला हवेत. ते का, हे शोधायचं हाच या स्वाध्यायाचा खरा भाग आहे.

आधी ग्रंथाबद्दल थोडक्यात. उरुक हे आजच्या दक्षिण इराकमधलं शहर, तिथल्या अवशेषांना वारका म्हणतात. तिथल्या राजाची ही कथा. आपण वाचतो ती प्रमाण प्रत अक्कादी भाषेत, मातीच्या बारा पाट्यांवर कोरलेली आहे. परंपरा ती सिन्-लेकी-उन्निन्नी या लेखकाच्या नावे सांगते. तिच्या अनेक पाट्या निनेवेला, असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयात सापडल्या. जॉर्ज स्मिथ याने ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांतली जलप्रलयाची पाटी ओळखली आणि १८७२च्या डिसेंबरमध्ये ती जाहीर वाचून दाखवली. बारावी पाटी नंतर जोडल्यासारखी वाटते, म्हणून आपण अकरापर्यंतच जाऊ.

मुख्य मुद्दा आधीच सांगते. या काव्यात प्रवास दोन आहेत. पहिला आराखड्यात अगदी चपखल बसतो आणि त्याचा शेवट सर्वनाशात होतो. दुसरा पदोपदी आराखडा मोडतो, आणि हे काव्य आपण आजही वाचतो ते त्या दुसऱ्या प्रवासासाठी.

पहिला प्रवास: देवदाराचं वन (पाट्या १ ते ६)

सुरुवातीचं 'नेहमीचं जग' म्हणजे उरुक. गिल्गामेश दोन तृतीयांश देव, एक तृतीयांश माणूस. अंगात मावत नाही इतकी रग आहे आणि तिचा जाच प्रजेला होतो. लोक देवांकडे गाऱ्हाणं घालतात, आणि अरुरू देवी मातीतून एन्किडू घडवते. तो रानात हरणांबरोबर चरतो, त्यांच्यासोबत पाणवठ्यावर जातो. शम्हत या गणिकेच्या सहवासात तो माणसाळतो, भाकरी खातो, सात घट बिअर पितो आणि उरुकला येऊन गिल्गामेशची वाट अडवतो. दोघं झोंबतात, भिंती हादरतात, आणि तिथून मैत्री जडते.

'साहसाची हाक' कोण देतं, पाहा. इथे दूत येत नाही, संकट येत नाही, राजकन्या पळवली जात नाही. गिल्गामेशला नाव कमवायचं आहे. माणसाचे दिवस मोजके, तेव्हा देवदाराच्या वनाचा राखणदार हुंबाबा याला मारून नाव मागे ठेवू, असं तो म्हणतो. हाक त्याच्या आतूनच येते. 'हाकेला नकार' हा टप्पाही आहे, पण नायकाच्या तोंडी नाही. नकार देतात एन्किडू आणि उरुकची वडीलधारी मंडळी. एन्किडूने ते वन पाहिलेलं असतं. रकान्यात हे लिहा, पण नकार कोणाचा, ते स्पष्ट लिहा.

'दैवी साहाय्य' ठसठशीत आहे. आई निन्सुन गच्चीवर जाऊन सूर्यदेव शमाशपुढे धूप जाळते, मुलाच्या पाठीशी राहा म्हणून त्याला गाऱ्हाणं घालते आणि एन्किडूला पोटच्या मुलासारखं पदरात घेते. पुढे शमाश तेरा वारे सोडतो, त्यामुळे हुंबाबा हतबल होतो. 'उंबरठा' म्हणजे पाचव्या पाटीची सुरुवात. दोघं वनाच्या कडेला उभे राहतात आणि नुसते देवदारांकडे पाहत राहतात.

इथे थोडं थांबू. इराकमधल्या सुलेमानियाच्या संग्रहालयाने २०११मध्ये घेतलेल्या एका पाटीमुळे या पाचव्या भागाला नवी भर पडली. त्यात वनाचे आवाज आहेत. पक्षी आहेत, किड्यांची किरकिर आहे, माकडांचा गलका आहे, आणि हे सगळं हुंबाबासाठी रोज वाजणारं संगीत असल्यासारखं येतं. पुढे, हुंबाबाला मारून झाडं तोडल्यावर एन्किडू म्हणतो की आपण या वनाचं उजाड माळरान केलं, आता निप्पूरला एन्लिल देवाला काय उत्तर द्यायचं? विजयाच्या क्षणी विजेत्याच्या जवळच्या माणसाला लाज वाटते आहे. हुंबाबा जिवाची भीक मागत होता, आणि 'मार' असं म्हणणारा एन्किडूच होता, हेही विसरू नका.

आराखड्याप्रमाणे पुढे 'वरदान' घेऊन परतायचं. ते होतं. देवदारांचा भव्य दरवाजा बनतो, युफ्रेटिसमधून निप्पूरकडे जातो, हुंबाबाचं शिर गिल्गामेशच्या हातात असतं. सगळे टप्पे पूर्ण झालेले दिसतात, तरी काव्य निम्म्यावरही आलेलं नाही.

'देवीची भेट' आणि 'मोहिनी' हे कॅम्बेलचे दोन वेगळे टप्पे. इथे दोन्ही जागी एकच इश्तर देवी उभी आहे. ती लग्नाची मागणी घालते. गिल्गामेश तिच्या जुन्या प्रियकरांची यादी काढतो, त्यांचे काय हाल केलेस ते ऐकवतो आणि नकार देतो. ती चिडून स्वर्गीय वळू सोडते, दोघं वळू मारतात, एन्किडू वळूची मांडी तिच्या अंगावर फेकतो. स्त्रीला एक तर देवी नाही तर मोहिनी एवढ्याच दोन जागा देणं हा मला आराखड्यातला सगळ्यात तोकडा भाग वाटतो. शम्हत, निन्सुन, पुढे येणारी सिदूरी आणि उत्नपिष्टिमची बायको यांना त्या दोन खणांत कोंबू नका. या चौघींनी कथा पुढे नेली आहे.

दुसरा प्रवास: मृत्यूपासून पळ (पाट्या ७ ते ११)

देव ठरवतात की दोघांपैकी एकाने मरायचं. एन्किडू बारा दिवस आजारी पडून मरतो. गिल्गामेश सहा दिवस आणि सात रात्री त्याला पुरू देत नाही. मग एन्किडूच्या नाकातून एक किडा खाली पडतो.

माझ्या मते खरी 'हाक' तो किडा आहे. शौर्याच्या गप्पा मारणारा राजा त्या क्षणी समजतो की मीही असाच होणार. तो सिंहाचं कातडं पांघरून रानोमाळ भटकतो. पहिल्या वेळी त्याला मृत्यूनंतर नाव हवं होतं, आता त्याला मृत्यूच नको आहे. 'हाकेला नकार' हा रकाना इथे रिकामा ठेवा, कारण नकार द्यायला तो थांबतच नाही.

माशू पर्वताच्या दाराशी विंचू-पुरुष आणि त्याची बायको पहारा करतात. हे 'उंबरठ्याचे राखणदार', इथे शंका नको. 'माशाच्या पोटात' हा टप्पा म्हणजे सूर्याचा बोगदा. बारा प्रहरांचा अंधार. कवी दर प्रहराला जवळजवळ त्याच ओळी पुन्हा म्हणतो: अंधार दाट, पुढचं दिसेना, मागचं दिसेना. मोठ्याने वाचून पाहा. कंटाळा येतो, आणि तो कंटाळाच तो अंधार आहे.

पलीकडे रत्नांची झाडं आणि समुद्राकाठी सिदूरीची मद्यशाळा. गिल्गामेशचा अवतार पाहून ती दार लावून घेते आणि वर चढून बोलते. जुन्या बॅबिलोनी प्रतीत ती त्याला सांगते: पोटभर खा, स्वच्छ कपडे घाल, हात धरणाऱ्या लेकराकडे पाहा, बायकोला जवळ घे, माणसाच्या वाट्याला हे आहे. प्रमाण प्रतीत हा उपदेश नाही. लिहिताना कोणती प्रत ते नमूद करा.

नावाडी उर्शनबीसोबत मृत्यूचं पाणी ओलांडून तो उत्नपिष्टिमकडे पोहोचतो. महापुरातून वाचलेला आणि बायकोसह अमर झालेला तो एकमेव माणूस. (आपल्याकडे शतपथ ब्राह्मणातला मनू आणि मासा आठवा. मृत्यूविषयी थेट विचारणारा नचिकेताही आठवा, पण त्याला यम उत्तर देतो, हा फरक टिपून ठेवा.) 'पित्याशी समेट' इथे बसवायचा मोह होईल. बसवू नका. उत्नपिष्टिम समेट करत नाही, परीक्षा घेतो: सहा दिवस सात रात्री न झोपता राहा.

गिल्गामेश बसतो आणि लगेच झोपतो. उत्नपिष्टिम बायकोला सांगतो, रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेव, नाहीतर हा झोपलोच नाही म्हणेल. ती ठेवत जाते आणि भिंतीवर खुणा करते. सातव्या दिवशी तो जागा होतो तेव्हा पहिली भाकरी वाळून कडक झालेली, दुसरी चामड्यासारखी, तिसरी ओलसर, चौथीवर पांढरी बुरशी, पाचवीवर करडी, सहावी ताजी, सातवी अजून निखाऱ्यावर. 'देवत्वप्राप्ती'च्या रकान्यासमोर मला या भाकऱ्या लिहिलेल्या पाहायच्या आहेत, आणि शेजारी 'उलट घडतं' एवढंच. देव होण्याची परीक्षा द्यायला आलेल्या माणसाला साध्या झोपेने हरवलं.

निघताना बायकोच्या शब्दाखातर उत्नपिष्टिम त्याला पाण्याच्या तळाशी असलेल्या, पुन्हा तरुण करणाऱ्या काटेरी वनस्पतीचं गुपित सांगतो. पायाला दगड बांधून तो ती आणतो. आधी उरुकच्या एका म्हाताऱ्याला देऊन पाहू, मग मी खाईन, असं त्याचं ठरतं. पहिल्यांदाच तो शहरातल्या कोणा दुसऱ्याचा विचार करतो आहे. वाटेत थंड पाण्याचं तळं दिसतं, तो आंघोळीला उतरतो, साप येऊन वनस्पती नेतो आणि कात टाकतो. 'वरदान' रकान्यात वनस्पती लिहाल तर अर्धेच गुण मिळतील. ती घरी पोहोचलीच नाही. 'परतण्यास नकार', 'जादुई पलायन' आणि 'बाहेरून सुटका' हेही रिकामेच. 'हाकेला नकार' या रकान्यासह ते चार झाले.

मग तो उर्शनबीला घेऊन उरुकला येतो आणि म्हणतो, तटावर चढ, फिरून पाहा, वीट तपास, पक्की भाजलेली आहे की नाही, पाया सात ऋषींनी घातला आहे की नाही. याच ओळी पहिल्या पाटीच्या सुरुवातीला कवी आपल्याला म्हणतो. तिथे बोलणारा कवी होता, इथे गिल्गामेश आहे. 'दोन जगांचा स्वामी' या रकान्यासमोर काय लिहायचं ते तुमच्यावर सोडते, पण पहिली आणि अकरावी पाटी शेजारी ठेवून लिहा.

सोमवारपर्यंत

दोनशे शब्दांत, एका रिकाम्या रकान्याविषयी लिहून आणा: तो रिकामा का, आणि तिथे काव्याने काय ठेवलं आहे. दुसरं, 'सहा दिवस सात रात्री' हा काळ किती वेळा येतो ते शोधा. मला चार जागा सापडल्या: शम्हतकडे, एन्किडूच्या मृतदेहापाशी, महापुरात आणि भाकऱ्यांपाशी. पाचवी सापडली तर तासाला आल्याआल्या सांगा.