गोवरचा दुसरा डोस राहिलाय का?

नमस्कार. बालवाडीच्या आई-बाबांनो, आज्यांनो, दोनच मिनिटं घेते. काल मुलांची लसीकरण कार्डं पाहिली. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस बहुतेकांनी दिलीय, पण सोळा ते चोवीस महिन्यांचा रकाना पुष्कळ कार्डांवर कोरा आहे.

पहिल्या डोसनंतरही शंभरातल्या साधारण पंधरा मुलांच्या अंगात गोवरविरुद्ध ताकद तयार होत नाही. ती मुलं कोणती, हे बघून कळत नाही. म्हणून दुसरा डोस सगळ्यांनाच. आणि गोवर हवेतून पसरतो. आजारी मूल खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत तिथे राहू शकतो.

'देवी आल्या, अंगावरून जातील' असं कृपा करून म्हणू नका. गोवरातून न्यूमोनिया होतो, कधी मेंदूला सूज येते. २०२२ मध्ये आपल्या गोवंडीतच लेकरं दगावली.

लसीनंतर थोडा ताप येऊ शकतो, तो उतरतो. वेळ टळली असली तरी पाच वर्षांपर्यंत डोस मिळतो, सरकारी केंद्रात मोफत. आज सर्दी आहे म्हणून पुढे ढकलू नका. कार्ड हरवलं असेल तर आत्ता मला भेटा, मी आशाताईंशी बोलते.