भाव उसळल्यावर ऑर्डर टाकण्याआधी

धरमपेठेतल्या आपल्या शनिवारच्या गटासाठी. हिशेब २ लाखांच्या खात्याचा, एका सौद्यात तोटा जास्तीत जास्त २,००० रुपये. शेअर एका दिवसात ८ टक्क्यांहून जास्त चढला आणि हात शिवशिवायला लागले की मोबाइल उलटा ठेवायचा आणि उत्तरं वहीत पेनानं लिहायची.

१. कालच्या यादीत हा शेअर होता का? नसेल तर आज खरेदी नाही. यादीत टाका, तीन सत्रं थांबा. बरेच सौदे इथेच गळतात, गळू द्या.

२. बातमी कुठली? एनएसई किंवा बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीची घोषणा दिसली पाहिजे. टेलिग्रामवरची आणि तर्री-पोह्याच्या ठेल्यावरची टीप धरायची नाही.

३. सर्किट, म्हणजे दिवसाची भावमर्यादा, किती टक्क्यांचं? शेअर एएसएम, जीएसएम या एक्स्चेंजच्या देखरेखीच्या याद्यांत किंवा टी-टू-टीमध्ये आहे का? टी-टू-टीत घेतलेला माल त्याच दिवशी विकता येत नाही. लोअर सर्किटला घेणाराच नसतो, त्यामुळे स्टॉप-लॉस लावलेला असूनही ऑर्डर तशीच पडून राहते. म्हणून उसळीनंतर सर्किट ५ टक्क्यांवर आणलेल्या शेअरमध्ये सलग तीन लोअर सर्किट लागतील असं धरा: सुमारे १४.३ टक्के तोटा. म्हणजे खरेदी १४,००० रुपयांच्या वर नाही.

४. भाव किती धावलाय? समजा कालचा बंद १४२, आता १६८, १४ दिवसांचा एटीआर, म्हणजे रोजची सरासरी हालचाल, ६ रुपये. एका दिवसात २६ रुपये, म्हणजे चार एटीआरहून जास्त. आपली मर्यादा दोन एटीआरची, म्हणजे १५४. त्यावर हात लावायचा नाही.

५. स्टॉप कुठे? खरी चूक इथे होते. आधार १४४ ला, लक्ष्य १७६. १६८ ला घेतलं तर ८ रुपयांसाठी २४ रुपये पणाला लागतात आणि शेअर येतात फक्त ८३. मग नग वाढवायला स्टॉप १६४ ला ओढला जातो. रोजची हालचालच ६ रुपयांची, तो चहा संपायच्या आत उडतो. तोच शेअर १५२ ला परत आला तर धोका ८, मिळकत २४, नग २५०. तिथे लिमिट ऑर्डर लावा. नाही आला तर नाही आला.

६. सकाळी ९:१५ ते ९:३० खरेदी नाही. मार्केट ऑर्डर तर कधीच नाही, विरळ सौद्यांच्या शेअरमध्ये ती भलत्याच भावाला लागते.

७. कुणाच्या नफ्याचा स्क्रीनशॉट पाहून आलात का? की कालचा तोटा भरून काढायचाय? यातलं एकही ‘हो’ असेल तर ॲप बंद, वीस मिनिटं बाहेर.

सोडलेला सौदाही वहीत लिहा: तारीख, भाव, कितव्या प्रश्नावर अडला. दहा सत्रांनी शेजारी त्या दिवशीचा भाव लिहायचा आणि वही शनिवारी सोबत आणायची.