नोंदांतरण पत्रक: २६ जानेवारी २०२५ चे रक्तदान शिबिर, वाई तालुका, जिल्हा सातारा

हस्तलिखित रजिस्टर: १ वही, ६६ ओळी. सोबत ६६ दाता प्रश्नावल्या.
नोंदी संगणकात भरल्याची तारीख: २८ जानेवारी २०२५. एकाने वाचले, दुसऱ्याने टाइप केले. मग अदलाबदल करून दोघांनी पुन्हा ताडले.
दात्यांची नावे व मोबाईल क्रमांक मूळ रजिस्टरमध्येच आहेत. या पत्रकात फक्त रजिस्टरचा अनुक्रमांक वापरला आहे.

मेळ

रजिस्टरच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने "एकूण ५५ बॅगा" असे लिहिले आहे. तो आकडा बॅगांचा नाही, लेबलांचा आहे. 0412 ते 0466 अशी ५५ क्रमांकांची लेबले शिबिराला दिली होती आणि ती सगळी संपली. प्रत्यक्ष हिशोब असा: ६६ जणांची नोंदणी, १२ डिफर म्हणजे रक्त न घेता परत पाठवलेले, ५४ जण बेडवर. पूर्ण युनिट ५२. 0448 मध्ये कमी रक्त आले. 0438 ला सुई टोचल्यावर शीर मिळाली नाही. 0439 चे लेबल लावतानाच फाटले, त्यामुळे त्या क्रमांकाला दाता नाही. ५२ + १ + १ + १ = ५५. रक्तकेंद्राच्या शीतपेटीत उतरलेल्या बॅगा ५३, आणि त्या या हिशोबाशी जुळतात.

0438 आणि 0439 हे क्रमांक रद्द म्हणून नोंदले आहेत, पुन्हा कोणालाही दिलेले नाहीत. रद्द क्रमांक मोकळा समजून पुढच्या शिबिरात वापरला, तर एकाच क्रमांकाची दोन माणसे तयार होतात. मग चाचणीसाठी घेतलेली पायलट ट्यूब कोणाची, हे कोणीच सांगू शकत नाही.

हिमोग्लोबिन

या शिबिरात तपासणीची दोन टेबले होती. ओळ १ ते २३ कॉपर सल्फेटवर, ओळ २४ ते ६६ मीटरवर. १.०५३ विशिष्ट गुरुत्वाच्या द्रावणात थेंब १५ सेकंदांत बुडाला तर हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा जास्त, तरंगला तर कमी. ही पद्धत आकडा देत नाही. तरीही ओळ १ ते २३ मध्ये थेंब बुडालेल्या वीस जणांपैकी सात जणांसमोर "१२.५" लिहिले आहे, बाकीच्यांसमोर बरोबरची खूण आहे. ते १२.५ कोणी मोजलेले नाही, फक्त मर्यादेचा आकडा सवयीने लिहिला गेला आहे. म्हणून या वीसही जणांच्या नोंदीत निकाल "बुडाला" आणि आकड्याचा रकाना रिकामा ठेवला आहे. पुढे या दात्यांचे हिमोग्लोबिन घसरते आहे का हे पाहताना खोटा १२.५ दिशाभूल करेल.

ओळ १४ चा थेंब तरंगला आणि मीटरवर फेरतपासणीत ११.८ आले, म्हणून आकडा घेतला. ओळ २२ चाही तरंगला, पण फेरतपासणी झाली नाही, म्हणून आकडा रिकामा. ओळ ९ व ३७ ची तपासणी झालीच नाही. हे दोघे आधीच डिफर झाले होते. बेरीज: मीटरचे आकडे ४३, फक्त बुडाला २०, फक्त तरंगला १, तपासणी नाही २.

सगळ्यात जास्त वेळ अंकांवर गेला. या वहीत मराठी आणि इंग्रजी अंक एकाच ओळीत येतात. देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि देवनागरी ४ हा इंग्रजी 8 सारखा. ओळ ३१ मधले "93.2" म्हणजे १३.२, यात शंका नाही. ओळ ४५ मात्र १२.४ ही वाचता येते आणि १२.८ ही. एका वाचनात दाता अपात्र, दुसऱ्यात पात्र, आणि बॅग 0451 घेतलेली आहे. बॅग घेतली म्हणजे १२.८ असणार, असा अंदाज धरला नाही. प्रश्नावलीवर डॉक्टरांच्या अक्षरात स्पष्ट 12.8 आहे, ते घेतले.

ओळ ५२ मध्ये रजिस्टर आणि प्रश्नावली दोन्हीकडे १२.१ आहे, तरी बॅग 0456 घेतली गेली. आकडा आहे तसाच नोंदला आहे. हे विचलन म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवले. त्यांचा निर्णय येईपर्यंत बॅग वेगळी ठेवली आहे. दात्याला फोन करून पुन्हा तपासणीला बोलवायचे आहे.

युनिट क्रमांक

ओळ २५, २६, २७ मध्ये युनिटच्या रकान्यात सात आकडी क्रमांक आहेत. ते बॅगेच्या नळीवर कारखान्यातूनच छापलेले क्रमांक आहेत, आपल्या लेबलाचे नाहीत. नळीवरचा क्रमांक आणि बॅगेवरचे लेबल एकत्र पाहून ते अनुक्रमे 0433, 0434, 0435 असे लावले. पायलट ट्यूब आणि प्रश्नावलीवरचे लेबलही तेच आहे.

ओळ ४२ ची बॅग 0448: दात्याला चक्कर आल्याने रक्त घेणे मध्येच थांबवले, वजनानुसार सुमारे १९० मिली. ३५० मिलीच्या बॅगेत रक्त गोठू न देणारे ४९ मिली सीपीडीए-१ असते, इतक्या कमी रक्ताला ते प्रमाणाबाहेर होते. स्थिती "कमी आकारमान" अशी नोंदली.

डिफरल

रजिस्टरमध्ये कारण एका शब्दात लिहिलेले असते, त्यामुळे बाराही प्रश्नावल्या उघडल्या.

ओळ ९: वजन ४१ किलो (किमान ४५).
ओळ १४, २२, ४१, ५०, ५८, ६३: हिमोग्लोबिन कमी. ओळ ५० ला फक्त "रिजेक्ट" लिहिले होते, प्रश्नावलीत ११.६ मिळाले.
ओळ ३३: रक्तदाब १४८/९४. ओळ ६१: रजिस्टरमध्ये "औषध", प्रश्नावलीत १५६/९८. दोन्हींचे कारण उच्च रक्तदाब.
ओळ ३७: मागचे रक्तदान २६ नोव्हेंबर २०२४, म्हणजे ६१ दिवस. पुरुषाला ९० दिवस लागतात, २४ फेब्रुवारी २०२५ पासून पात्र.
ओळ ४८: "नाही, हात". प्रश्नावलीत ऑक्टोबर २०२४ मध्ये गोंदवल्याची नोंद. १२ महिने तात्पुरते डिफर.
ओळ ५५: "अडचण". प्रश्नावलीत मासिक पाळी. फक्त त्या दिवसांपुरते डिफर. "अडचण" हा शब्द "इतर" मध्ये टाकला असता, तर या ताईंना पुढच्या शिबिराचा निरोपच गेला नसता.

हिमोग्लोबिन कमी असलेल्या सहा जणांना पुढची तारीख घातलेली नाही. तपासणी आणि उपचारानंतर आकडा १२.५ झाला, की ते पात्र.

भरलेल्या नोंदींचा नमुना

```
reg_no,hb_method,hb_value,hb_result,status,deferral,unit_no,unit_status
09,,,,DEFERRED,WEIGHT,,
14,METER,11.8,LOW,DEFERRED,HB_LOW,,
22,CUSO4,,FLOAT,DEFERRED,HB_LOW,,
25,METER,14.1,OK,DONATED,,0433,FULL
42,METER,13.6,OK,DONATED,,0448,LOW_VOLUME
45,METER,12.8,OK,DONATED,,0451,FULL
52,METER,12.1,LOW,DONATED,,0456,HOLD
```

`unit_no` चा रकाना टाइप करण्याआधीच Text केला, नाहीतर 0433 चे 433 होते. ओळ ३७ ची तारीख `=DATE(2024,11,26)+90` ने काढली.

रजिस्टरमधला रक्तगट दात्याने सांगितलेला आहे, तो नोंदीत घेतलेला नाही. केंद्रात पेशी आणि सीरम अशा दोन्ही बाजूंनी गट तपासल्यावर तो रकाना भरला जाईल. संसर्ग चाचण्यांचे निकालही प्रयोगशाळेतूनच येतील.

मूळ वहीत काहीही खोडलेले नाही. ओळ २५ ते २७ जवळ लाल शाईने बरोबर क्रमांक, तारीख आणि आद्याक्षरे घातली आहेत.

बाकी: ओळ ५२ वर वैद्यकीय अधिकाऱ्यांचा निर्णय, ओळ २२ च्या दात्याची मीटरवर तपासणी, 0448 च्या विल्हेवाटीची नोंद.