जनुक-संपादनाच्या सादरीकरणावर प्रश्न
बी.एस्सी. तिसरे वर्ष, जैवनीतिशास्त्र, नागपूर

मंगळवारच्या सादरीकरणात गट 3 ने क्रिस्परची कात्री छान समजावली. पण फायद्यांच्या चार स्लाइड आणि धोक्यांची एकच, तीही घंटा वाजल्यावर भराभर पुढे सरकवलेली. म्हणून हे प्रश्न, सादर करणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांनाही. "दोन्ही बाजू महत्त्वाच्या आहेत" असं लिहून मोकळं होऊ नका. फायदा कोणाचा, धोका कोणाच्या अंगावर आणि किती वर्षं, हे स्पष्ट लिहा.

प्रश्न 1. तुमच्या स्लाइडवर वाक्य होतं, "सिकलसेल आता कायमचा बरा होतो." कॅसजेव्ही या क्रिस्परवर आधारलेल्या सिकलसेल उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर 2023 मध्ये मान्यता दिली. अमेरिकेतल्या मान्यतेच्या वेळी तपासता येण्याजोग्या 31 पैकी 29 रुग्णांना सलग किमान 12 महिने तीव्र वेदनेचा झटका आला नव्हता. आकडा मोठाच आहे. लहानपणापासून दुखण्याने रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला बारा महिने म्हणजे काय, हे आधी चार ओळींत लिहा. मग सांगा, या आकड्यावरून "कायमचा" म्हणता येईल का? तुमचं वाक्य खरं होईल असं पुन्हा लिहा.

प्रश्न 2. हा प्रश्न सावकाश सोडवा, सगळ्यात जास्त गुण यालाच आहेत. कुरखेड्याकडची एसएस पॅटर्नची, म्हणजे सिकलसेलचा आजार असलेली तेरा वर्षांची मुलगी डोळ्यासमोर आणा. वर्षातून तीन-चारदा भरती, परीक्षा बुडालेली, आईच्या हातात रिपोर्टांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी. हे उपचार बारा वर्षांपुढच्यांसाठी मंजूर आहेत, म्हणजे वयाने ती बसते. तिच्या रक्तातल्या मूळपेशी काढून बाहेर संपादित करतात, पण त्या परत सोडण्याआधी बुसल्फान देऊन अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्या औषधाने पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते.
अ) तिचे आईवडील "हो" म्हणाले आणि ती गप्प बसली, तर ती संमती धरायची का?
आ) पंचवीस वर्षांची झाल्यावर तिने विचारलं, "मला का नाही विचारलं?" तर तुमचं उत्तर काय?
इ) उपचार नाकारले तर तिचे गुडघे, फुप्फुसं, मूत्रपिंडं यांचं काय होत राहील? काहीच न करण्याचाही धोका असतो. तो बहुतेक जण मोजत नाहीत, तुम्ही मोजा.

प्रश्न 3. एका गटाने विचारलं होतं, "गर्भातच बदल केला तर पिढ्यांचा त्रास संपेल ना?" चांगला प्रश्न होता, वेळ संपला म्हणून राहिला. आता दोन गोष्टी शेजारी ठेवा. एएस पॅटर्नच्या, म्हणजे सिकलसेलच्या वाहक माणसाला तीव्र मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, आणि गडचिरोलीत मलेरिया अजून आहे. कॅसजेव्हीतला बदल रुग्णाच्या रक्तपेशींपुरता राहतो, गर्भाच्या अगदी सुरुवातीला, भ्रूणात केलेला बदल मात्र नातवंडांपर्यंत जाऊ शकतो. मग एएस भ्रूणाचंही संपादन करावं का? ज्यांच्यासाठी ठरवतोय ते अजून जन्मलेलेच नसतील, तर त्यांच्या वतीने कोण बोलणार?

प्रश्न 4. 2018 मध्ये चिनी शास्त्रज्ञ हे जियानकुई यांनी सीसीआर5 जनुक संपादित करून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं. उद्देश एचआयव्हीपासून संरक्षण. पुढे त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. ज्यांच्यात हे जनुक निकामी असतं, त्यांना वेस्ट नाईल विषाणूचा आजार जास्त गंभीर होऊ शकतो. एचआयव्ही टाळण्याचे दुसरे मार्ग हाताशी असताना हा धोका घेण्यासारखा होता का? सहा ओळी पुरेत.

प्रश्न 5. अमेरिकेत या उपचाराची किंमत एका माणसामागे 22 लाख डॉलर, म्हणजे 18 कोटी रुपयांहून जास्त. आपल्याकडे 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, 7 कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवून. तुमच्या हातात 18 कोटी आहेत. एकाला बरं करण्याची शक्यता, की गावोगावची तपासणी, हायड्रॉक्सीयुरिया आणि समुपदेशन? निवडा. नंतर ज्याला तुम्ही "नाही" म्हणालात, त्याला समोर बसवून कारण सांगा. ते संवादाच्या रूपात, तुमच्या घरच्या बोलीत लिहिलंत तरी चालेल.

प्रश्न 6. कात्री नको तिथे चालली तर त्याचा परिणाम वर्षांनंतर दिसू शकतो. म्हणून अशा रुग्णांवर 15 वर्षांपर्यंत लक्ष ठेवायचं, अशी अपेक्षा असते. प्रश्न 2 मधली मुलगी तोवर अठ्ठावीसची होईल. लग्न होऊन सासरी गेलेली असेल, फोन नंबर बदललेला असेल. तिचा शोध कोण घेईल, तपासणीचा आणि बसभाड्याचा खर्च कोण उचलेल, आणि काही निघालंच तर जबाबदारी कोणाची? आशाताईंच्या वहीपासून सुरू करून प्रत्यक्ष चालेल अशी व्यवस्था मांडा. चालणार नाही असं वाटलं, तर तिला आज हे उपचार द्यावेत का, तेही लिहा.

उत्तरं हाताने लिहून पुढच्या मंगळवारी प्रॅक्टिकलच्या आधी माझ्या टेबलावर ठेवा. प्रश्न 2 आणि 6 वर्गात मोठ्याने वाचून घेणार आहे. कोणाच्या घरी सिकलसेलचा रुग्ण असेल आणि वाचणं जड जाणार असेल, तर मला आधी येऊन सांगा, त्यांनी वाचायचं नाही.