पोटाच्या वरच्या भागातील शस्त्रक्रियेनंतर करायचे श्वासाचे आणि खोकण्याचे व्यायाम

फिजिओथेरपी विभाग, शल्यचिकित्सा वॉर्ड
रुग्ण आणि सोबतच्या नातेवाइकांसाठी

पित्ताशय, जठर, यकृत, स्वादुपिंड, प्लीहा यांची किंवा फुटलेल्या अल्सरची शस्त्रक्रिया बेंबीच्या वर छेद घेऊन झाली असेल, किंवा उद्या-परवा होणार असेल, तर हा कागद तुमच्यासाठी आहे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली असली तरी व्यायाम हेच, फक्त दुखणे कमी असते. शस्त्रक्रिया व्हायची असेल तर आजच एकदा सगळे करून पाहा. भुलीतून बाहेर आल्यावर, दुखत असताना नवीन काही शिकणे जड जाते. आधी सराव असेल तर शरीर आपोआप साथ देते.

सर्जननी तुम्हाला वेगळी काही सूचना दिली असेल तर तीच पाळा.

खोकल्याने टाके तुटतील का?

वॉर्डात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. भीती खरी आहे, पण पुढे सांगितल्याप्रमाणे जखमेला आधार देऊन खोकल्याने टाके तुटत नाहीत. वरून दिसतात ते फक्त कातडीचे टाके. त्यांच्याखाली पोटाच्या भिंतीचा मजबूत थर जाड धाग्याने वेगळा शिवलेला असतो आणि खरा भार तोच पेलतो. उलट, भीतीने खोकला दाबून ठेवला की कफ साठतो आणि मग एखाद्या रात्री आवरता न येणारी ढास लागते. ती बेसावध ढास जखमेला जास्त त्रास देते.

हे व्यायाम का करायचे?

छातीच्या तळाशी श्वासाचा मोठा स्नायू, म्हणजे श्वासपटल, असतो. तुमचा छेद त्याच्या अगदी जवळ आहे. त्यामुळे पहिले काही दिवस श्वासपटल नीट हलत नाही आणि दुखू नये म्हणून माणूस वरवरचा, तोकडा श्वास घेत राहतो. एरवी आपण नकळत मधूनमधून एखादा खोल उसासा टाकतो, तोही थांबतो. सतत उताणे पडून राहिल्याने फुप्फुसांच्या खालच्या भागापर्यंत हवा पोहोचत नाही आणि तिथल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटतात. भुलीच्या औषधांमुळे कफ वर ढकलणारी यंत्रणाही मंदावलेली असते. मिटलेल्या भागात कफ अडकतो, ताप येतो, ऑक्सिजन कमी होतो आणि त्यातूनच न्यूमोनिया होऊ शकतो.

विडी-सिगारेट ओढणारे, दम्याचे रुग्ण, वजन जास्त असलेले आणि वयस्कर रुग्ण यांना हा धोका अधिक. त्यांनी एकही पाळी चुकवू नये.

आधी दुखणे आटोक्यात आणा

दुखणे सहन करत पडून राहण्यात शौर्य नाही. सिस्टर तुम्हाला ० ते १० मध्ये आकडा विचारतात, तो खरा सांगा. पडून असताना किती दुखते यापेक्षा खोकताना किती दुखते ते महत्त्वाचे आहे. खोल श्वास घेता येत नसेल इतके दुखत असेल तर औषध मागून घ्या. गोळी घेतली असेल तर साधारण अर्ध्या तासाने व्यायामाला बसा. पाठीत वेदनाशामक औषधाची बारीक नळी असेल तरी व्यायाम करता येतो.

बसायचे कसे

पलंगाचे डोके वर करून किंवा पाठीशी उशा लावून ताठ बसा. गुडघे थोडे वाकवा आणि त्यांच्याखाली घडी केलेली चादर ठेवा, म्हणजे पोट सैल पडते. खुर्चीत बसता येत असेल तर उत्तम, पाय जमिनीला टेकू द्या. परकराची किंवा पायजम्याची नाडी जखमेच्या खाली आणि सैल असू द्या. ऑक्सिजनची नळी लावलेली असेल तर व्यायामासाठी ती काढू नका.

खोल श्वास: जागे असताना दर तासाला १०

१. एक हात छातीच्या खालच्या बरगड्यांवर ठेवा. खांदे सैल सोडा.
२. नाकाने सावकाश श्वास घ्या. खालच्या बरगड्या बाजूला फुलतात आणि पोट हलकेच वर येते, ते हाताला जाणवायला हवे. नुसते खांदे वर जात असतील तर हवा वरच्या वरच राहते.
३. श्वास पूर्ण भरला की ३ सेकंद धरा. जमत असेल तर तिथेच नाकाने आणखी थोडी हवा हुंगून आत घ्या.
४. तोंडाने, ओठ थोडे आवळून, हळू सोडा. जोर लावू नका.

पाच श्वास झाले की थोडे थांबा, मग उरलेले पाच घ्या. सलग भराभर घेतल्यास चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसे झाले तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या, काही मिनिटांत बरे वाटेल. नाकात नळी असल्याने नाकाने श्वास जमत नसेल तर तोंडाने घ्या.

शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळी, पूर्ण शुद्ध आली की सुरुवात करा. पहिल्या दिवशी श्वास अर्धाच जाईल. तो दुसऱ्या दिवशी वाढतो, म्हणून निराश होऊन सोडू नका. रात्री मुद्दाम उठून करायची गरज नाही, पण जाग आली तर चार-पाच श्वास घ्या.

तीन गोळ्यांचे यंत्र मिळाले असेल तर

यात फुंकायचे नाही, हवा आत ओढायची. दहातले निम्मे रुग्ण तरी सुरुवातीला फुंकतात, म्हणून मोठ्या अक्षरात सांगतो: आत ओढा. यंत्र सरळ उभे धरा, आधी श्वास सोडा, नळीभोवती ओठ घट्ट मिटा आणि सावकाश ओढा. तिसरा गोळा उडवणे हा उद्देश नाही. झटक्यात तिन्ही गोळे वर नेण्यापेक्षा एक-दोन गोळे ३ सेकंद वर तोलून धरणे जास्त उपयोगाचे. यंत्र दुसऱ्या कोणालाही वापरायला देऊ नका. यंत्र नसेल तरी काही बिघडत नाही, वरचे खोल श्वास तेच काम करतात.

जखमेला आधार कसा द्यायचा

हा या कागदातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. खोकताना पोटाचे स्नायू एकदम आवळले जातात आणि जखमेच्या दोन्ही कडा बाहेर ताणल्या जातात. बाहेरून दाब दिला की तो ताण कमी होतो, दुखणे कमी होते आणि खोकल्यात जोर येतो.

छोटी, जरा घट्ट उशी घ्या. उशी नसेल तर स्वच्छ टॉवेल किंवा चादर घट्ट घडी करून, जखम पूर्ण झाकेल एवढी घ्या. मऊ लोळागोळा होणारी उशी उपयोगाची नाही.

छेद मधोमध उभा असेल तर उशी उभी ठेवा, दोन्ही हात तिच्यावरून घेऊन तिला कवटाळा आणि कोपर बरगड्यांना लावा. छेद उजव्या बरगड्यांखाली तिरका असेल तर उशीही तशीच तिरकी ठेवा. डावा तळहात थेट जखमेवर येईल आणि उजवा हात बाजूने आधार देईल. दुर्बिणीची छोटी छिद्रे असतील तर दोन्ही तळहात पसरून ठेवले तरी पुरते.

दाब सरळ आत, पाठीच्या दिशेने द्यायचा. उशी वर छातीकडे सरकवू नका. श्वास घेताना हात सैल ठेवा म्हणजे पोट फुलू शकेल. खोकण्याच्या क्षणी घट्ट दाबा आणि खोकला संपेपर्यंत दाब सोडू नका. बाजूला ड्रेनची नळी असेल तर ती उशीखाली मुडपत नाही ना, ते आधी पाहा.

हाताला सलाइन असेल आणि दाब देता येत नसेल तर नातेवाइकाने हात स्वच्छ धुऊन उशीवर आपले दोन्ही तळहात ठेवावेत आणि तुम्ही सांगाल तेव्हा दाबावे. केव्हा दाबायचे ते रुग्णच ठरवेल.

शिंक, उचकी, जोराचे हसू, शौचाला जोर लागणे, कूस बदलणे, या सगळ्या वेळी हाच आधार द्या. म्हणून उशी कायम हाताशी ठेवा, पायथ्याशी नको. पोटाचा पट्टा मात्र सर्जननी सांगितला असेल तरच बांधा. दिवसभर करकचून बांधलेला पट्टा खोल श्वास अडवतो.

कफ बाहेर काढणे

दहा श्वास झाल्यावर, आधार घट्ट धरून:

आधी "हाः". मध्यम श्वास घ्या, तोंड उघडे ठेवा आणि चष्म्याची काच पुसण्यापूर्वी तिच्यावर वाफ सोडतो तशी हवा जोराने, पण गळा न आवळता, बाहेर सोडा. असे दोन-तीनदा करा. कफ वर सरकल्याचे घशात जाणवेल.

मग खोकला. थोडे पुढे झुका, खोल श्वास घ्या, उशी दाबा आणि छातीतून दोनदा खोका. नुसते खाकरल्याने घसा साफ होतो, फुप्फुस नाही. कफ आला तर डबीत किंवा टिश्यूत थुंका आणि रंग पाहा. नाही आला तर ओढून-ताणून खोकत बसू नका, पुढच्या तासाला पुन्हा पाहू.

पाणी, चहा, नारळपाणी डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय घेऊ नका. कोरड पडली तर सिस्टरना विचारून तोंड ओले करा.

उठणे आणि चालणे

पडल्या पडल्या दर तासाला दोन्ही पावले वर-खाली १०-१० वेळा हलवा, पोटऱ्यांत रक्त साकळू नये म्हणून.

उताण्या स्थितीतून सरळ उठू नका, पोटावर सगळा ताण येतो. आधी गुडघे वाकवा, उशी धरा, खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर या. पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या कोपराने रेटा देत बसा. दोन मिनिटे बसून राहा. चक्कर नसेल तरच उभे राहा. पहिल्यांदा आमच्यापैकी कोणीतरी किंवा सिस्टर सोबत हव्यातच. मग पलंगापासून दारापर्यंत, पुढे वॉर्डाच्या टोकापर्यंत, दिवसातून तीन-चारदा चाला. चालल्याने श्वास आपोआप खोल होतो.

सोबतच्या मंडळींसाठी

"हलू नकोस, पडून राहा" हे प्रेमाने म्हटले जाते, पण आत्ता त्यामुळे नुकसान होते. त्याऐवजी तास झाला की आठवण करा, उशी हातात द्या आणि पुढ्यात बसून श्वास मोजा. भेटायला येणाऱ्यांची गर्दी टाळा, सर्दी-खोकला असलेल्यांना येऊ देऊ नका. रुग्णाच्या आसपास तंबाखू, मिश्री, विडी नको.

लगेच सिस्टरना हाक मारा

– धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल
– ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त, हुडहुडी
– कफ हिरवट-पिवळा, दुर्गंधीचा किंवा रक्त असलेला
– एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली
– जखमेतून अचानक गुलाबी पाणी भळभळले किंवा काहीतरी सुटल्यासारखे वाटले. अशा वेळी गुडघे वाकवून पडून राहा, खोकू नका, काही खाऊ-पिऊ नका, जखमेवर स्वच्छ कापड ठेवा.

घरी गेल्यावर यांतले काही झाले तर वाट पाहू नका, रुग्णालयात या. धाप, छातीत दुखणे किंवा जखम उघडणे असेल तर १०८ ला फोन करा.

घरी गेल्यावर

व्यायाम आणखी दोन आठवडे, दिवसातून चार वेळा करा. नेहमीसारखे चालू-फिरू लागलात आणि कफ नसेल तर थांबवले तरी चालेल. उशीचा आधार खोकताना दुखते तोपर्यंत घेत राहा. भरलेली कळशी, गॅसचा सिलिंडर, धान्याचे पोते, कडेवर मूल हे सहा आठवडे उचलू नका. नंतरही सर्जनना विचारूनच उचला.

वॉर्डात आम्ही सकाळी ९ आणि दुपारी ४ वाजता येतो. एखादा व्यायाम जमत नसेल किंवा त्याची भीती वाटत असेल तर तो त्या वेळी आमच्यासमोर करून दाखवा. टाके काढायला याल तेव्हा हा कागद सोबत आणा.