पाच लाखांच्या आरोग्य विम्यात काय मिळतं आणि काय मिळत नाही

उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्यांना, त्यांच्या कामगारांना आणि घरच्यांना वाचण्यासाठी

विमा कंपनीच्या स्लाइड्समध्ये ‘पहिल्या दिवसापासून संपूर्ण संरक्षण’ असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. ते फक्त अपघातापुरतं खरं आहे. म्हणून स्लाइड्स बाजूला ठेवून पॉलिसीच्या कागदात जे आहे तेच इथं लिहितोय. ही पॉलिसी विकली तर मला कमिशन मिळतं, हेही तुम्हाला माहीत असायला हवं.

काय मिळतं

नवरा, बायको आणि दोन मुलं मिळून वर्षाला पाच लाख. हे पाच लाख चौघांत मिळून आहेत, प्रत्येकाला वेगळे नाहीत. किमान 24 तास ॲडमिट असाल तर खर्च मिळतो. मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी अशा उपचारांना 24 तासांची अट नाही. ॲडमिट होण्याआधीचे 30 दिवस आणि घरी आल्यावरचे 60 दिवस त्याच आजाराची औषधं, तपासण्या धरल्या जातात. बिलं जपून ठेवा.

कधीपासून मिळतं

समजा पॉलिसी 1 ऑगस्ट 2026 ला सुरू झाली. 2 ऑगस्टला मशीनवर हात सापडला, तर क्लेम चालतो. 10 ऑगस्टला डेंग्यू झाला, तर चालत नाही, कारण पहिले 30 दिवस अपघात सोडून काहीच धरत नाहीत.

मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, गर्भाशयाच्या गाठी यांना दोन वर्षं थांबावं लागतं, म्हणजे 31 जुलै 2028 पर्यंत. मुतखडा पॉलिसी घेतल्यानंतर झाला तरीही. गुडघेबदलाला तीन वर्षं, पण अपघातामुळं करावा लागला तर थांबावं लागत नाही.

शुगर, बीपी, थायरॉइड आधीपासून असेल तर त्याला आणि त्यातून उद्भवणाऱ्या त्रासाला 31 जुलै 2029 पर्यंत पैसे मिळणार नाहीत. जुन्या शुगरमुळं पायाला जखम चिघळली, तर तीही यातच मोजली जाते. तीन वर्षांपेक्षा जास्त थांबवायला कंपनीला परवानगी नाही. मधे हप्ता चुकवून पॉलिसी बंद पडली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या कंपनीची पॉलिसी चालू असेल आणि ती बंद न पडू देता इकडं बदलून घेतलीत, तर तिकडं काढलेली वर्षं जुन्या रकमेपुरती इथं धरली जातात.

फॉर्मवर शुगर लपवू नका. ‘लिहू नका, हप्ता वाढेल’ असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. क्लेमच्या वेळी कंपनी हॉस्पिटलचे जुने केसपेपर मागवते, आणि तिथं ‘पाच वर्षांपासून शुगर’ असं डॉक्टरांनी लिहिलेलं असतं. मग क्लेमही जातो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते.

खोलीचं भाडं: इथंच सगळ्यात जास्त फसगत होते

खोलीला दिवसाला 5,000 ची मर्यादा आहे. स्लाइडवर ती खाली बारीक अक्षरात होती. तुम्ही राजारामपुरीतल्या एखाद्या हॉस्पिटलात 8,000 ची खोली घेतलीत आणि चार दिवस राहिलात, तर वरचे 12,000 खिशातून जातील असं वाटतं. पण तेवढ्यावर भागत नाही. 5,000 म्हणजे 8,000 चे साडेबासष्ट टक्के, म्हणून सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचं बिलही तेवढेच टक्के मंजूर होतं. ते बिल 80,000 असेल तर 50,000 मिळतील. औषधं आणि शरीरात बसवलेलं साहित्य 40,000 चं असेल तर ते पूर्ण मिळतं. एकूण बिल 1,52,000, मिळाले 1,10,000, खिशातून 42,000. तेव्हा ॲडमिट होताना काउंटरवर आधी भाडं विचारा.

काय कधीच मिळत नाही

बाळंतपण. स्लाइडवर आई आणि बाळाचा फोटो असला तरी या प्लॅनमध्ये ते नाही. ओपीडी, चष्मा, रोजचं दाताचं काम, वंध्यत्वाचे उपचार, सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया, फक्त तपासण्यांसाठी ॲडमिट होणं, दारूच्या व्यसनाचे उपचार, हेही नाही. हातमोजे, डायपर असल्या वस्तूंचे पैसेही तुमचेच. आई-वडिलांना जोडलंत आणि ते 60 च्या पुढचे असतील, तर त्यांच्या प्रत्येक क्लेममधले 20 टक्के तुम्ही भरायचे.

कॅशलेस आणि तक्रार

कॅशलेस नेटवर्कमधल्या, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या हॉस्पिटलात सहज होतं. यादी बदलत राहते, म्हणून ठरवून ऑपरेशन असेल तर दोन दिवस आधी कार्ड दाखवून खात्री करा. इतर ठिकाणी कॅशलेस झालं नाही, तर आधी स्वतः भरायचे, मग मूळ बिलं, डिस्चार्ज समरी आणि रिपोर्ट जोडून मागायचे.

पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांत न पटल्यास परत करता येते. तेवढ्या दिवसांचा हप्ता, स्टॅम्प ड्युटी आणि मेडिकल तपासणीचा खर्च वजा होऊन बाकी पैसे मिळतात. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

फॉर्म भरायला येताना घरातल्या सगळ्यांचे जुने केसपेपर आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन या. आजारांचा रकाना आपण ते समोर ठेवूनच भरू.