माझा बायो आणि पहिले तीन मेसेज

वय ३१. नकाशे बनवायचं काम करते. बोलायला लागायला मला वेळ लागतो; एकदा लागले की थांबवावं लागतं. (जुन्या घड्याळांचा विषय काढलात तर पस्तावाल.) ‘बाकी काय विशेष?’ याला आजवर उत्तर सुचलेलं नाही. उत्तर उशिरा देते, पण विचार करून देते. फोनपेक्षा मेसेज बरा. पहिली भेट चालता चालता झाली तर उत्तम. समोरासमोर बसलं की मुलाखत वाटते.

“तिसऱ्या फोटोत मागच्या शेल्फवर एक पुस्तक उलटं ठेवलंय. मुद्दाम की घाईत? सवडीने सांगा.”

“तुम्ही पावसाचे आवाज रेकॉर्ड करता हे वाचलं. पत्र्यावरचा ताडताड आवाज कळतो, पण पानांवरचा वेगळा पकडता येतो का? एखादा तुकडा पाठवलात तर हेडफोन लावून ऐकेन. नाही पाठवलात तरी राग नाही.”

“सुरुवात कशी करायची ते मला कधीच जमत नाही, म्हणून थेट मांजराबद्दल विचारते. त्याचा डावा कान जन्मापासून दुमडलेला आहे की मारामारीत? एका शब्दात सांगितलंत तरी चालेल.”